एकेरी नोंदीतून नफा काढताना

आधी दोन अवस्था विवरणं, म्हणजे त्या दिवशीची मालमत्ता आणि देणी यांच्या याद्या मांडा, 1 एप्रिलची आणि 31 मार्चची. मालमत्तेतून देणी वजा केली की भांडवल मिळतं. समजा, किराणा दुकानाचं सुरुवातीचं भांडवल 2,00,000 आणि अखेरचं 2,30,000 रुपये आहे. लगेच 30,000 नफा धरू नका. मालकाने वर्षात 60,000 उचल केली असेल तर ती अखेरच्या भांडवलात मिळवा; नवं भांडवल 40,000 आणलं असेल तर ते वजा करा. उरतात 2,50,000; त्यातून सुरुवातीचं भांडवल वजा केलं की नफा 50,000.

चूक बहुधा उचलीत होते. घरी नेलेला किराणा (खरेदी किमतीला) आणि गल्ल्यातून भरलेली मुलांची फी कुणी लिहून ठेवत नाही, आणि नफा तेवढाच कमी दिसतो. घसारा अखेरच्या विवरणात वजा केला असेल तर नफ्यातून पुन्हा काढू नका.