मैल्याचा टँकर आणि घरचा मान

प्रश्न: मी 31 वर्षांचा, म्हापशाला राहतो. कळंगुटच्या एका हॉटेलात देखभाल विभागात आहे, पगार ₹28,000. सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरवाल्यांना मीच बोलावतो आणि हंगामात ते वेळेवर मिळत नाहीत. 5,000 लिटरचा जुना सक्शन टँकर ₹14 लाखांत मिळतोय. माझी बचत ₹8 लाख. बाबा म्हणतात, देवळाच्या महाजनांत आपलं नाव आहे, हे धंदे आपले नव्हेत. भाड्याने द्यायची गाडी घेतलीस तर माझ्या ठेवीतले पैसे देतो. आई म्हणते, घेच तर घे, पण मालक म्हणून घरी बस, माणसं ठेव. काय करू?

उत्तर: बाबांचा नकार मला फारसा काळजीचा वाटत नाही. आईची तडजोड वाटते, कारण ती ऐकायला गोड आहे आणि हिशेबात सगळ्यात महाग.

एका खेपेला ₹2,000 मिळतात असं धरू. डिझेल आणि प्रक्रिया केंद्राचं शुल्क मिळून ₹700 गेले की ₹1,300 उरतात. चालक ₹22,000, मदतनीस ₹17,000, विमा आणि पंप-पाइपची दुरुस्ती ₹13,000, म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च ₹52,000. तुमचे ₹6 लाख घालून ₹8 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ₹17,400. महिन्याला 54 खेपा झाल्या तरच तुम्ही फक्त बरोबरीत. रोज 3 खेपा, 22 दिवसांच्या महिन्याला 66 झाल्या तर हातात साधारण ₹16,400 येतात. पगारापेक्षा कमी! घरी बसलेल्या मालकाला कर्ज फिटेपर्यंत हेच मिळणार.

आता स्टिअरिंगवर तुम्ही बसा. चालकाचे ₹22,000 वाचतात, 37 खेपांत बरोबरी होते आणि 66 खेपांना ₹38,000च्या वर सुटतात. म्हणजे हा धंदा तुम्ही टँकरवर दिसलात तरच परवडतो, आणि घरच्यांना नेमकं तेच नको आहे. तेव्हा "घेऊ का" हे विचारत बसू नका. "मी चालवणार, गावात लोक बघणार" हे आधीच सांगा. ते आज लपवलं तर चवथीला पाहुण्यांच्या तोंडून घरी कळेल. परवान्याचीही तयारी लागेल: एवढ्या वजनाच्या गाडीला मोठ्या वाहनाचा परवाना हवा, आणि त्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो.

बाबांच्या ठेवीला हात लावू नका. गाडी-भाड्यासाठी ते पैसे देतात म्हणून तो पर्याय स्वस्त वाटतो, पण त्यांचे पैसे आले की त्यांचा शब्दही धंद्यात येतो. मुद्रा योजनेत ₹10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, म्हणजे घर आणि आईचं सोनं दोन्ही बाजूला राहतात. उरलेले ₹2 लाख हप्त्यांसाठी राखून ठेवा, हॉटेलं बिल लगेच देत नाहीत.

मानाबद्दल मात्र बाबांचं एक म्हणणं मी खरं मानतो, फक्त कारण वेगळं. या धंद्यात लाज आणतो तो रात्री शेतात किंवा ओहोळात ओतलेला टँकर. तुमच्या खर्चाच्या हिशेबात न बसणाऱ्या दरात, समजा ₹1,200त, कुणी खेप मारत असेल, तर तो मैला बहुधा केंद्रापर्यंत पोचतच नाही. त्या दराशी स्पर्धा करायला गेलात की तुम्हीही तिकडेच जाणार. दर धरून ठेवा आणि प्रत्येक खेपेची केंद्राची पावती हॉटेलला द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती सांभाळणाऱ्या हॉटेलांना ती कामाची असते. म्हापशाहून पणजीतल्या टोंकच्या प्रक्रिया केंद्रापर्यंतचा रस्ता आणि तिथली रांग यांवर दिवसाला 2 खेपा होतील की 3, हे ठरेल. तेच आधी मोजा.

दुसरी गोष्ट, कुणीही टाकीत उतरायचं नाही, गाळ घट्ट झाला तरी नाही. 2013च्या कायद्याने संरक्षणाशिवाय उतरवणं हा गुन्हा आहे, आणि गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई ₹30 लाख केली. टाकीतला वायू क्षणात माणूस पाडतो. पंपाने निघत नसेल तर पाणी सोडून ढवळा, नाहीतर काम नाकारा.

घेण्याआधी महिनाभर सुट्टीच्या दिवशी एखाद्या ओळखीच्या टँकरवर बसून खेपा मोजा. 37 गाठणं कठीण दिसलं तर घेऊ नका. घेतलात आणि सलग तीन महिने त्याखाली राहिलात तर विका. वर्षभरानंतर कर्ज साधारण ₹6.7 लाख उरेल, टँकर ₹9 लाखांना गेला तरी बँक मोकळी होते. ही विकण्याची अट कागदावर लिहून बाबांच्या हातात द्या. त्यांना धंदा पटणार नाही, पण तुम्ही कुठे थांबणार हे त्यांना ठाऊक असेल.