विचारायचं कुठे आणि कधी?

तीन रात्रींची सहल ठरली आहे. तिला लग्नाचं नेमकं कोणत्या दिवशी विचारू?

दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो. शेवटच्या दिवसावर ठेवलंत आणि पाऊस आला, तर संधीच उरत नाही. शिवाय तोवर तुम्ही गप्प गप्प राहता आणि ते तिच्या लक्षात येतं.

पोचल्या संध्याकाळी सहज फिरायला म्हणून त्या जागेवरून चक्कर मारून या. वाट निसरडी कुठे आहे, बसायला कुठे जमेल, एवढं बघून ठेवा. समजा सूर्योदय 6:30 ला आहे. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं पायाखालचं दिसण्याइतका उजेड असतो. ध्रुवांकडे सरकावं तसा हा वेळ वाढतो. म्हणजे 6:10 ला तुम्ही जागेवर हवेत. डोंगरात दुपारनंतर ढग जमतात, म्हणूनही सकाळच बरी. तरीही धुकं निघालंच, तर काही न बोलता फिरून परत या. तिसरी सकाळ हातात आहे.

मला मात्र सूर्यास्तच हवाय. प्रसिद्ध सनसेट पॉइंट निवडला तर?

तिथे नको. गर्दीत कुणीतरी मोबाइल वर करतं, टाळ्या पडतात आणि समोरच्या माणसाला लोकांसाठी उत्तर द्यावं लागतं. पॉइंटपासून दहा-पंधरा मिनिटं चालून जाता येईल अशी कडेची जागा शोधा. ती नसेलच, तर सूर्य बुडाल्यावर थांबा. गर्दी लगेच पांगते, आणि खरा रंग पुष्कळदा त्यानंतरच आकाशात चढतो. पश्चिमेला डोंगर असेल तर सूर्य छापील वेळेच्या बराच आधी आड जातो, हे धरून चला. पौर्णिमा साधली तर आणखी छान: सूर्य मावळतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो, दिवे-सजावट काही लागत नाही.

मीच त्याला विचारणार आहे. त्याला देखावा आवडत नाही. जागा कशी ठरवू?

विचारायचं नसतं तरी तुम्ही दोघं तिथे गेला असता का? ‘हो’ असेल तर जागा बरोबर. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने समुद्रकाठचं आलिशान हॉटेल हेरलं होतं. पण तिच्या मित्राच्या बोलण्यात सारखं एक तळं यायचं. लहानपणी तो तिथे वडिलांबरोबर गळ टाकून बसायचा. आम्ही तळंच ठरवलं, तेही सुट्ट्यांचा हंगाम सरल्यावर, आडवारी. फोटोग्राफर नाही, फुलं नाहीत. तो गळाला आमिष लावत होता, तेव्हा तिने विचारलं. त्याने गळ खाली ठेवला आणि ओल्या हातांनीच तिचे हात धरले.

अंगठी कशी न्यावी?

विमानात हातातल्या बॅगेत, खिशात मुळीच नाही. तपासणीत खिसे रिकामे करायला लावतात. डबी घरी ठेवा, मऊ पिशवी पुरते. चढण चढल्यावर बोटं सुजतात आणि अंगठी अडते, तेव्हा ती जोर करून घालू नका. थंडीत उलट सैल होते. पाण्याच्या अगदी कडेला उभं राहून घालू नका.