कोडेड गुणांक उणे, खऱ्या युनिटमधला अधिक: टर्निंगच्या प्रयोगात धरायचं कुठलं?

प्रश्न: नांदेडला एम.टेक. करतोय. वाळूजच्या एका शॉपमध्ये सीएनसी लेथवर ईएन-८ चे सात कट घेतले. स्पीड १२० आणि १८० मी./मिनिट, फीड ०.१० आणि ०.२० मिमी/फेरा, नोज रेडियस ०.८. Ra (मायक्रॉन) असा आला: कमी स्पीड-कमी फीड ०.९५, जास्त स्पीड-कमी फीड ०.८५, कमी स्पीड-जास्त फीड २.५५, जास्त-जास्त २.०५. मधल्या बिंदूवर (१५०, ०.१५) तीन कट: १.४४, १.५०, १.४७. कोडेड मॉडेलमध्ये स्पीडचा गुणांक −०.१५, पी ०.०१. खरे आकडे टाकले की तोच गुणांक +०.००५ आणि पी ०.०८७. गाईड सर म्हणतात यातलं एक चूक आहे. रिपोर्टात कोणतं लिहू?

उत्तर:

चूक कोणतंच नाही. दोन्ही समीकरणं एकाच पृष्ठभागाची आहेत. कुठल्याही स्पीड-फीडला दोन्हींतून Ra काढून बघा, आकडा तोच येईल. फरक इतकाच, की 'स्पीडचा गुणांक' म्हणून दोन्हीकडे जे दिसतंय ती दोन वेगवेगळ्या ठिकाणची गोष्ट आहे.

आधी तुमचं कोडिंग मांडतो:

```
x1 = (V - 150)/30
x2 = (f - 0.15)/0.05
```

चार कोपऱ्यांवरून गुणांक हातानेच निघतात. चौघांची सरासरी १.६०. स्पीडसाठी जास्त स्पीडच्या दोघांची बेरीज वजा कमी स्पीडच्या दोघांची बेरीज, भागिले चार: (०.८५ + २.०५ − ०.९५ − २.५५)/४ = −०.१५. तसंच फीडचा ०.७०. इंटरॅक्शनसाठी x1·x2 ची चिन्हं लावायची: (०.९५ − ०.८५ − २.५५ + २.०५)/४ = −०.१०.

```
Ra = 1.60 - 0.15 x1 + 0.70 x2 - 0.10 x1 x2
```

इथे −०.१५ म्हणजे x2 शून्य असताना, म्हणजे फीड ०.१५ असताना, स्पीडचा उतार. हे ठिकाण तुमच्या प्रयोगाच्या मधोमध आहे. आता x1, x2 च्या जागी वरची सूत्रं घालून कंस सोडवा:

```
Ra = -1.25 + 0.005 V + 24 f - 0.0667 V f
```

यातला +०.००५ हाही स्पीडचाच उतार आहे, पण फीड शून्य असतानाचा. फीड शून्य म्हणजे टूल पुढे सरकतच नाही. तिथे कट नाही, चिप नाही, मोजायला पृष्ठभागही नाही. तुमचा सगळ्यात कमी फीड ०.१०, आणि गणित तिथून सरळ रेषेत शून्यापर्यंत जाऊन उत्तर घेऊन आलंय. कोरडवाहू कपाशीला युरियाचा गुण किती, हे जमिनीत ओल शून्य धरून विचारण्यासारखं आहे ते. उत्तर मिळेल, पण त्याचा उपयोग काय?

चिन्ह का पालटलं हेही नेमकं सांगता येतं. खऱ्या युनिटमधला स्पीडचा गुणांक (b1 − 3·b12)/30 असा बनतो. तो ३ येतो कुठून? फीडचा मध्य ०.१५ भागिले अर्धी रेंज ०.०५. तुमच्या आकड्यांत −०.१५ + ०.३० = +०.१५, भागिले ३०. इंटरॅक्शन शून्य असतं तर हा घोळ झालाच नसता, चिन्ह दोन्हीकडे उणेच राहिलं असतं. आणि रेंज मध्याच्या मानाने जितकी अरुंद, तितका हा गुणक मोठा. म्हणजे फीड ०.१४ ते ०.१६ एवढाच घेतला असता तर ३ च्या जागी १५ आला असता.

पी-व्हॅल्यूचीही हीच कथा. तुमची एरर फक्त मधल्या तीन कटांतून येते: प्रमाण विचलन ०.०३, स्वातंत्र्यांश दोनच. कोडेड प्रत्येक गुणांकाची स्टँडर्ड एरर ०.०३/√४ = ०.०१५, म्हणून स्पीडचा टी −१०. खऱ्या युनिटमध्ये b1 मध्ये तीनपट b12 मिसळल्याने एरर √१० पट फुगते आणि टी ३.१६ वर येतो. दोन स्वातंत्र्यांशांना ५ टक्के पातळीवर ४.३० लागतो, म्हणून तिथे 'सिग्निफिकंट नाही' असा शिक्का बसतो. स्पीडने काम केलं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. शून्य फीडला स्पीड काय करतो ते या कटांवरून ठरत नाही, एवढंच. इंटरॅक्शनचा पी मात्र दोन्हीकडे सारखाच, ०.०२२, कारण मॉडेलमधल्या सगळ्यात वरच्या पदाला आरंभबिंदू हलवल्याने फरक पडत नाही. तुमच्या दोन प्रिंटआउट शेजारी ठेवून सरांना ती ओळ दाखवा.

पडताळायचं असेल तर आर मध्ये:

```r
x1 <- c(-1, 1,-1, 1, 0, 0, 0)
x2 <- c(-1,-1, 1, 1, 0, 0, 0)
Ra <- c(0.95,0.85,2.55,2.05,1.44,1.50,1.47)
ctr <- as.numeric(x1==0 & x2==0)
V <- 150 + 30*x1
f <- 0.15 + 0.05*x2
summary(lm(Ra ~ x1*x2 + ctr))
summary(lm(Ra ~ V*f + ctr))
```

`ctr` हे पद विसरू नका. ते काढलंत तर मधल्या बिंदूंचा कोपऱ्यांशी न जुळणारा भाग एररमध्ये जाऊन बसतो आणि सगळेच पी बिघडतात.

तेव्हा रिपोर्टात निष्कर्ष कोडेड गुणांकांवरून लिहा, आणि खऱ्या युनिटचं समीकरण शॉपमध्ये Ra काढायला द्या. 'स्पीड वाढवल्याने Ra कमी होतो' एवढंही लिहू नका, कारण इंटरॅक्शन आहे. फीड ०.१० ला १२० वरून १८० वर गेलं की Ra फक्त ०.१० ने उतरतो, फीड ०.२० ला ०.५० ने. शॉपवाल्याला हे वाक्य गुणांकापेक्षा जास्त कामाचं. खऱ्या युनिटचं समीकरण देताना दशांश कापू नका. −०.०६६७ चं −०.०७ केलं तर १८० आणि ०.२० ला २.०५ ऐवजी १.९३ येतो.

आणखी एक. कोडेडमध्ये फीड ०.७० आणि स्पीड ०.१५, म्हणून 'फीड पाचपट महत्त्वाचा' असं थीसिसमध्ये सर्रास लिहिलेलं दिसतं. मला ते पटत नाही. हे गुणांक तुम्ही निवडलेल्या रेंजचे आहेत. स्पीड ८० ते २२० घेतला असता तर गुणोत्तर निराळं आलं असतं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण परीक्षक विचारतील ते: मधले तीन कट. त्यांची सरासरी १.४७, कोपऱ्यांची १.६०. फरक ०.१३, त्याची स्टँडर्ड एरर ०.०३ × √(१/४ + १/३) = ०.०२३, टी साधारण ५.७, पी ०.०३. म्हणजे पृष्ठभाग वाकलेला आहे आणि तुमचं समीकरण कोपऱ्यांवर बरोबर असूनही मध्यावर ०.१३ मायक्रॉन जास्त सांगतं. हा बाक स्पीडचा की फीडचा, हे या सात कटांतून कळत नाही. हाती लागते ती दोन्ही वर्गपदांची बेरीज फक्त.

इथे यंत्रशास्त्र मदतीला येतं. नुसत्या भूमितीने Ra साधारण f²/(32·r) असतो. x2 च्या भाषेत यातलं वर्गपद ०.०५²/(३२ × ०.८) मिमी, म्हणजे सुमारे ०.१० मायक्रॉन. तुम्हाला मिळालेल्या ०.१३ शी ते बरंच जुळतं. म्हणून बहुतेक बाक फीडचा, असा अंदाज मी बांधीन, पण तो अंदाजच. सिद्ध करायला अक्षबिंदू घ्यावे लागतील. बॉक्स आणि विल्सन यांनी १९५१ मध्ये मांडलेली सेंट्रल कॉम्पोझिट रचना ती हीच. दोन घटकांना रोटेटेबल ठेवायची तर अंतर √२, म्हणजे स्पीड सुमारे १०८ आणि १९२ (फीड ०.१५ ठेवून), फीड सुमारे ०.०७९ आणि ०.२२१ (स्पीड १५० ठेवून). ०.०७९ ला तुमच्या इन्सर्टचा चिपब्रेकर चिप तोडत नसेल तर लांब चिप जॉबवर घासून Ra खराब करेल, आणि ते मॉडेलला बाक म्हणून दिसेल. तसं असेल तर अंतर १ ठेवा, म्हणजे अक्षबिंदू रेंजच्या कडेवरच येतात. या रचनेची रोटेटेबिलिटी जाते, पण चालतं.

हे चार कट दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बारवर घेणार असाल तर सोबत दोन-तीन मधले कट पुन्हा घ्या आणि मॉडेलमध्ये ब्लॉक घाला. नाहीतर बारमधला फरक वर्गपदात शिरतो.

शॉपवर दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, कट कोणत्या क्रमाने घेतले? ऑपरेटरला फीड सारखा बदलायला आवडत नाही, तो आधी कमी फीडचे दोन्ही उरकतो. इन्सर्टची एकच धार वापरली आणि तिच्या झिजेने दर कटाला Ra समजा ०.०४ ने चढला, तर तुम्ही वर दिलेल्या क्रमात फीडच्या गुणांकात ०.०४ आणि स्पीडच्या गुणांकात ०.०२ फुकट मिसळतात. गंमत म्हणजे इंटरॅक्शनमध्ये काहीच मिसळत नाही, तिथे १ − २ − ३ + ४ = ०. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, किंवा दर कटाला नवी धार घ्या.

दुसरी, प्रोग्रॅममध्ये G96 होता की G97? G97 वर आरपीएम स्थिर असतो. ५० मिमीचा बार कट घेत घेत ४६ वर आला की तुमचे १८० मी./मिनिट १६५.६ होतात. तुम्ही x1 = +१ लिहिता, मशीनवर तो +०.५२ असतो. १२० चे ११०.४, म्हणजे −१.३२. G96 नसेल तर प्रत्येक कटाचा प्रत्यक्ष व्यास घेऊन V काढा आणि x1 त्यावरून भरा. आकडे पूर्ण ±१ राहणार नाहीत आणि वरची हाताची बेरीज-वजाबाकी चालणार नाही, पण `lm` ला त्याची अडचण नाही.