गेटवरची झडती: गार्डचा हात कुठपर्यंत

प्रश्न: मी गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. माल कमी भरला की सिक्युरिटीवाले आमच्या बॅगा उघडतात, खिसे चाचपतात, कधीकधी केबिनमध्ये नेतात. त्यांना हा अधिकार आहे का? नाही म्हटलं तर काय?

मी स्वतः अकरा वर्षं गेटवर काढलीत, आधी गार्ड आणि नंतर सुपरवायझर, त्यामुळे त्या बाजूने सांगतो.

गार्डला पोलिसासारखा झडतीचा अधिकार कुठलाच कायदा देत नाही. तो बॅग बघतो ते तुमच्या संमतीवर, आणि ही संमती बहुतेक वेळा तुम्ही जॉइन होतानाच दिलेली असते. अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा, "गेटवर तपासणीस सहकार्य करावे लागेल" असं एक वाक्य सापडेल. मोठ्या कारखान्यांच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कामगारांसाठीच्या लेखी नियमांमध्ये तर ठरलेल्या गेटनेच ये-जा करायची आणि झडती द्यायची हा विषय 1946 च्या कायद्यापासून आहे. म्हणून रोज सुटताना सगळ्यांच्या बॅगा बघतात त्यात बेकायदा काही नाही. बॅग मात्र तुम्हीच उघडा, सामान तुम्हीच काढून दाखवा, गार्डने आत हात घालायची गरज नसते.

अंगाला हात लावणं ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही नाही म्हटलंत की गार्डने तिथेच थांबायचं. त्याने रजिस्टरला नोंद करावी, एचआरला कळवावं, संशय पक्का असेल तर पोलिसांना बोलवावं, जबरदस्ती करायची नाही. आता नियम असूनही तुम्ही नकार दिलात तर कंपनी नोटीस देऊन चौकशी लावू शकते, हेही खरं आहे, पण तिथे तुम्हाला तुमची बाजू मांडता येते. बाईची झडती बाईनेच घ्यायची, आडोशाला, अब्रू सांभाळून. पोलिसांनासुद्धा अटक केलेल्या बाईच्या बाबतीत हेच बंधन आहे, मग गार्डला सूट कुठून मिळणार! पुरुषाने बाईला नको तिथे हात लावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 74 लागू शकतं, त्यात 1 ते 5 वर्षं शिक्षा आहे. कपडे काढायला लावण्यासाठी जबरदस्ती केली तर कलम 76, तिथे किमान 3 वर्षं.

केबिनमध्ये बसवून ठेवणं हा भाग लोकांना कमी माहीत आहे. साधा माणूस दुसऱ्याला पकडू शकतो ते डोळ्यांदेखत दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर, आणि मग उशीर न करता, फार तर 6 तासांच्या आत, पोलिसांकडे द्यावं लागतं. "स्टॉक जुळत नाही, तू त्या लाइनवर होतीस" एवढ्यावर कोणाला अडकवून ठेवलं तर गुन्हा अडकवणाऱ्यावर येतो, कलम 127.

माझ्याच एका साइटवर हे झालंय. रात्री साडेदहाला शिफ्ट सुटली, परफ्यूमच्या दोन बाटल्या कमी होत्या आणि लेडी गार्ड सुट्टीवर. आमच्या गार्डने एका मुलीला स्वेटर काढायला लावला, खिसे चाचपले, मग केबिनचं दार लोटून दीड तास बसवली आणि "घेतल्या म्हणून लिही, घरी सोडतो" सांगून कागद पुढे केला. मी पोचलो तेव्हा पेन तिच्या हातात होतं, कागदावर फक्त तिचं नाव आणि तारीख लिहून झाली होती, आणि ती थरथरत होती. आधी तिला घरी पोचवलं. बाटल्या सकाळी रिटर्नच्या रॅकवर सापडल्या, स्कॅन चुकीच्या खान्यात झालं होतं.

त्या कागदावरून एक सांगतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही, गार्ड किंवा मॅनेजरला लिहून दिलेली मात्र पुढे येऊ शकते. धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेली असेल तर कोर्ट ती बाजूला ठेवतं, पण तेव्हा बंद केबिनमध्ये काय झालं हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून कोऱ्या किंवा कबुलीच्या कागदावर सही अजिबात करू नका. "पोलिसांना बोलवा, मी त्यांच्यासमोर बोलतो" एवढंच म्हणा. झडती द्यायचीच असेल तर कॅमेऱ्याखाली, एक सहकारी सोबत ठेवून द्या. काही सापडलं नाही तर "काही मिळालं नाही" असं रजिस्टरला वेळेसकट लिहायला लावा आणि त्याचा फोटो काढा, फोन गेटवर जमा असेल तर बाहेर आल्या आल्या स्वतःलाच मेसेज करून ठेवा. पगारातून परस्पर पैसे कापले तर तेही चुकीचं आहे, नुकसानीची कपात करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली, त्यात वेळ, गार्डचं नाव, कुठे हात लावला, कोण बाहेर उभं होतं, सगळं क्रमाने होतं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवा अशी मागणीही तिने त्यातच केली, आणि ते महत्त्वाचं ठरलं, कारण आमच्याकडे पंधरा दिवसांनी ते आपोआप पुसलं जायचं. केबिनच्या दारावरच्या कॅमेऱ्यात ती आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ स्पष्ट होती.