रजेच्या काळातलं अधिकारपत्र : ‘पाच लाखांपर्यंत’ म्हणजे नेमकं कशाचे पाच लाख?

प्रश्न : आमच्या मॅनेजर मॅडम पुढच्या महिन्यापासून सहा महिन्यांच्या रजेवर जात आहेत. खर्च मंजूर करायचे त्यांचे पाच लाखांपर्यंतचे अधिकार त्या काळात माझ्याकडे येणार आहेत आणि अधिकारपत्राचा मसुदा मलाच करायला सांगितलाय. शब्दरचना कशी ठेवू?

उत्तर :

काही वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो. माझ्या हातात जे पत्र आलं त्यात कामाचं वाक्य एकच होतं : ‘माझ्या रजेच्या काळात श्री. अमुक यांना पाच लाखांपर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्याचे अधिकार राहतील.’ वाचायला स्वच्छ वाक्य. पण ते पाच लाख कशाचे आणि रजेचा काळ कुठून कुठपर्यंत, हे त्यात नव्हतं. पुढे ऑडिटमध्ये जे आक्षेप निघाले ते सगळे या दोन जागांवरूनच. त्यानंतर बरीच वर्षं मी लेखा विभागात अशी पत्रं तपासण्याचं काम केलं आणि आजही आधी याच दोन जागा बघतो.

काय झालं ते सांगतो. एका यंत्राच्या देखभालीचा करार होता, महिन्याला ४५,०००, मुदत तीन वर्षं. दर महिन्याचं बिल ४५,००० चं, म्हणजे माझ्या मर्यादेत, असं धरून मी सही केली. पण कराराला ‘हो’ म्हणताना संस्था ३६ महिन्यांसाठी बांधली जाते आणि तो आकडा होतो १६,२०,०००. एवढा अधिकार तर खुद्द मॅनेजरांनाही नव्हता. दुसरं प्रकरण याहून साधं. त्यांनी रजेवर जाण्याआधी ४,२०,००० चा खरेदी आदेश मंजूर केला होता. मधेच काम वाढलं, पुरवठादाराने १,३०,००० ची वाढ मागितली. वाढ मर्यादेत म्हणून मी मंजूर केली. आदेशाची एकूण रक्कम मात्र ५,५०,००० झाली होती. माझा हेतू दोन्ही वेळा चोख होता. पत्रच मोघम होतं, आणि मोघम पत्रात सही करणारा सापडतो.

म्हणून मर्यादेचं कलम असं लिहा, शब्द थोडे जास्त झाले तरी चालतील :

> ‘ज्या व्यवहाराची एकूण रक्कम, सर्व कर आणि वाहतूक, उभारणी यांसारखे आनुषंगिक खर्च धरून, ५,००,००० (अक्षरी पाच लाख) पेक्षा अधिक नाही, त्या व्यवहारास मंजुरी देण्याचा अधिकार. एक व्यवहार म्हणजे एकाच गरजेसाठीची संपूर्ण खरेदी किंवा संपूर्ण मुदतीचा करार. त्यासाठीचे आदेश, पुरवठादार, बिले वा हप्ते कितीही असोत. आधी मंजूर झालेल्या व्यवहारात वाढ करताना मूळ रक्कम आणि वाढ यांची बेरीज विचारात घ्यावी.’

‘कर धरून’ हे शब्द फालतू वाटतात, पण सगळ्यात जास्त वाद त्यांवरूनच होतात. कोटेशन ४,६०,००० चं येतं, बिल करासह ५,४२,८०० चं. मंजुरी कोटेशनवर दिली तर ती मर्यादेत होती की नव्हती, याचं उत्तर दोन माणसं दोन प्रकारे देतात. तुमच्या संस्थेच्या अधिकार-तक्त्यात, म्हणजे कुणाला किती रकमेपर्यंत मंजुरी देता येते त्या यादीत, करांशिवायची रक्कम धरत असतील तर तुम्हीही तीच धरा. पत्र आणि तक्ता यांची भाषा एक असली पाहिजे. आणि ‘पुरवठादार कितीही असोत’ हे मुद्दाम घातलंय. तेवढं गाळलं की आठ लाखांचं काम चार-चार लाखांत दोघांना वाटून द्यायला वाट मोकळी होते. तुम्ही तसं करणार नाही, पण घाईच्या दिवशी कुणीतरी तुमच्यासमोर तसे दोन कागद ठेवील, आणि तेव्हा नाही म्हणायला तुमच्या हातात कलम हवं.

आता तारखा. ‘रजेच्या काळात’ असं लिहू नका, कारण रजा हलते. माझ्या वेळी रजा तीन आठवड्यांनी वाढली. नवं पत्र काढायचं कुणाला सुचलं नाही आणि त्या तीन आठवड्यांत मी सात प्रस्ताव मंजूर केले. एका बाजूचं म्हणणं, रजा चालू म्हणजे अधिकार चालू. दुसरी बाजू म्हणे, पत्र निघालं तेव्हाच्या रजेपुरताच अधिकार होता. शेवटी सातही प्रस्ताव कार्योत्तर मंजुरीसाठी वर गेले. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे तारीख लिहा आणि ते दोन दिवस आत धरलेत की नाही तेही लिहा :

> ‘हा अधिकार दि. ____ पासून दि. ____ पर्यंत, दोन्ही दिवस धरून, किंवा श्रीमती ____ प्रत्यक्ष कामावर रुजू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत राहील. रजा वाढल्यास हा अधिकार आपोआप वाढणार नाही. त्यासाठी नवे पत्र काढावे लागेल.’

‘जे आधी घडेल’ यामुळे मॅडम लवकर परतल्या तर एकाच वेळी दोघांकडे तोच अधिकार राहत नाही. त्या रजेवर असताना घरून मंजुरी देणार का, हेही आत्ताच विचारून घ्या. माझं मत स्पष्ट आहे : देऊ नये. एकाच पुरवठादाराचा एक प्रस्ताव तुमच्याकडे आणि दुसरा त्यांच्याकडे गेला, तर बेरीज कुणीच करत नाही. पत्रात एक ओळ पुरते, ‘या काळात श्रीमती ____ स्वतः हा अधिकार वापरणार नाहीत.’

यानंतरचा मुद्दा तुमच्यासाठी अवघड आहे, पण टाळू नका. आज तुमच्या विभागातले बहुतेक प्रस्ताव कोण तयार करतं? तुम्हीच करत असाल, आणि मॅडम मंजूर करत असतील, तर पुढच्या महिन्यापासून दोन्ही सह्या तुमच्याच होतील. खर्चावर दोन जणांची नजर असावी म्हणून तर दोन पायऱ्या आहेत. पत्रात लिहा की तुम्ही स्वतः मांडलेला किंवा शिफारस केलेला प्रस्ताव, आणि तुमचा स्वतःचा प्रवासखर्च वा इतर परतावा, रक्कम कितीही लहान असली तरी मॅडमच्या वरिष्ठांकडे जाईल. रोजचे प्रस्ताव मांडायचं काम विभागातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा, नाहीतर वरिष्ठांच्या टेबलावर ढीग लागेल आणि आठवड्याभरात हे कलम कागदावरच राहील.

याच संदर्भात मी तुम्हाला पूर्ण पाच लाख घ्या असं म्हणणार नाही. गेल्या सहा महिन्यांत मॅडमनी मंजूर केलेले प्रस्ताव काढा आणि रकमेच्या क्रमाने लावा. समजा ६० प्रस्ताव निघाले आणि त्यातले ५२ दोन लाखांच्या आतले असले, तर दोन लाखांची मर्यादा घेऊन रोजचं काम अडत नाही आणि उरलेले आठ, म्हणजे महिन्याला एक-दोन, वर पाठवता येतात. अशी यादी जोडून कमी मर्यादा सुचवली की वरिष्ठ पत्रावर लवकर सही करतात, हा माझा अनुभव. कमी आकडा ठरला तर वरच्या कलमात तोच घाला. तुम्हाला स्वतःच्या पदामुळे आधीच काही मर्यादा असेल, तर ‘ही मर्यादा मूळ मर्यादेत मिळवली जाणार नाही’ एवढं जोडा.

मंजुरी, करारावर सही आणि बँकेतून पैसे सोडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पत्र पहिलीपुरतंच, असं त्यात स्पष्ट म्हणा. बँकेला तुमच्या अंतर्गत पत्राशी काही देणंघेणं नसतं. तिथल्या सह्या बदलायच्या तर संस्थेचा रीतसर ठराव आणि नमुना सह्या लागतात आणि त्याला वेळ जातो, म्हणून गरज असेल तर ते आत्ताच लेखा विभागाच्या कानावर घाला.

पत्र मॅडमच्या नावाने निघेल, पण त्यांची एकटीची सही पुरेल असं गृहीत धरू नका. दुसऱ्याने दिलेला अधिकार पुढे देता येतो की नाही हे संस्थेच्या अधिकार-तक्त्यात लिहिलेलं असतं. तो परिच्छेद शोधा आणि त्याचा क्रमांक पत्राच्या पहिल्याच वाक्यात घाला. तसा परिच्छेद नसेल तर मॅडमचे वरिष्ठ, म्हणजे ज्यांच्याकडून त्यांना अधिकार मिळाला ते, मंजूर करणारे म्हणून सही करतील आणि मॅडम फक्त शिफारस करतील. खाली तुमची स्वीकृतीची सही आणि नमुना सही, आणि एक प्रत लेखा विभागाला. तुम्ही पुढे हा अधिकार कुणाला देऊ शकत नाही, हे एका ओळीत येऊ द्या. तुम्हीच चार दिवस आजारी पडलात तर प्रस्ताव वरिष्ठांकडे जातील, ही त्याच्या पुढची ओळ.

सही करताना ‘करिता’ लिहून मॅडमच्या नावावर सही मारू नका. स्वतःचं नाव, स्वतःचं पद आणि त्याखाली ‘अधिकारपत्र क्र. __, दि. __ अन्वये’ एवढं लिहा. हाच नियम संगणकावर. मंजुरी सिस्टिममधून होत असेल तर तुमच्या स्वतःच्या लॉगिनला तोच अधिकार, त्याच तारखांसह आणि त्याच मर्यादेने जोडून घ्या आणि शेवटची तारीख तिथे भरली आहे ना हे स्वतः बघा. मॅडमचा पासवर्ड घेऊन काम चालवणं सगळ्यात सोपं वाटेल. पण मग नोंदीत रजेवर असलेली व्यक्ती मंजुरी देताना दिसेल आणि तुमच्या पत्राला काही अर्थ उरणार नाही.

पहिल्या दिवसापासून एक साधी वही किंवा तक्ता ठेवा : तारीख, प्रस्ताव क्रमांक, पुरवठादार, करासह एकूण रक्कम, आधीची मंजूर रक्कम असल्यास ती, आणि निर्णय. नाकारलेले प्रस्तावही त्यात लिहा. मॅडम रुजू झाल्या की शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून दोघांनी तारखेसह सह्या करा आणि त्याच दिवशी लेखा विभागाला अधिकार संपल्याचं पत्र द्या.