काजूची विक्री आणि तीन संशोधन आराखडे

शोधात्मक, वर्णनात्मक आणि कार्यकारण आराखडा कोणत्या विपणन समस्येला लावावा? उदाहरण द्या.

म्हापशातील काजू विक्रेत्याची विक्री घटली असून कारणाचा अंदाजच नसेल, तर शोधात्मक आराखडा घेऊन दुकानदार व जुन्या गिऱ्हाइकांच्या मोकळ्या मुलाखती घ्याव्यात. त्यांतून गृहीतके मिळतात, निष्कर्ष नव्हे. पाकीट घेणाऱ्यांत पर्यटक किती आणि स्थानिक किती, हे मोजायला वर्णनात्मक सर्वेक्षण पुरते.

खरी गफलत कार्यकारण प्रश्नात होते. डिसेंबरात किंमत उतरवली आणि विक्री वाढली, एवढ्यावरून श्रेय किमतीला देता येत नाही, कारण त्याच महिन्यात पर्यटकांची गर्दीही वाढलेली असते. म्हणून सारख्या दुकानांतून चिठ्ठ्या टाकून निम्मी निवडावीत, त्यांतच किंमत कमी करावी आणि उरलेली, नियंत्रण गट म्हणून, जुन्याच किमतीवर ठेवावीत. समजा, पहिल्या गटात दर दुकानी विक्री 100 पाकिटांवरून 150 झाली आणि दुसऱ्यात 100 वरून 130, तर किमतीचा परिणाम 50 नव्हे, 20 पाकिटांचा मानावा. मात्र दोन्ही गटांतील दुकाने एकाच बाजारात शेजारी असतील, तर गिऱ्हाईक स्वस्त दुकानाकडे वळते आणि हा फरक फुगलेला दिसतो. तेव्हा गट वेगवेगळ्या गावांत ठेवणेच योग्य.