मरेक्सची लस पहिल्याच दिवशी का?

प्रश्न: माझ्याकडे साठ गावरान पिल्लं होती, आता साडेतीन महिन्यांची झालीत. लासोटा, गंबोरो सगळं वेळेवर दिलंय. तरी एकेक तलंग लंगडायला लागते, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडते, खाते-पिते पण उठत नाही. औषधाच्या दुकानात म्हणाले मरेक्स आहे, लस पहिल्याच दिवशी टोचायला हवी होती, आता टोचून उपयोग नाही. असं का? मानमोडीची लस तर मोठेपणीही देतात ना?

उत्तर:

दुकानदार बरोबर सांगतोय. मी लेअरच्या हॅचरीत लसीकरणाचं काम बघतो आणि हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मानमोडीचा विषाणू येतो, काही दिवसांत पक्षी मारतो किंवा निघून जातो. त्याआधी केव्हाही लस दिली तरी तिचा फायदा मिळतो. मरेक्सचा विषाणू हर्पिसच्या कुळातला आहे. एकदा शिरला की कोंबडीच्या पांढऱ्या पेशींमध्ये आयुष्यभर मुक्काम करतो आणि त्याला बाहेर काढणारं औषध नाही, लसही नाही. लस फक्त एवढंच करते, की नंतर हा विषाणू आत आला तरी त्याला गाठी करू देत नाही. म्हणून लसीचा विषाणू आधी आणि रोगाचा विषाणू नंतर, हा क्रम जपावा लागतो.

आता तुमच्या पिल्लांचं पाहू. मरेक्स अंड्यातून येत नाही, पिल्लू कवचातून बाहेर पडतं तेव्हा कोरं असतं. विषाणू पसरतो तो मोठ्या कोंबडीच्या पिसांच्या मुळाशी तयार होणाऱ्या कोंड्यातून. हा कोंडा धुळीत मिसळतो, तुसात, खुराड्याच्या फळ्यांवर बसतो आणि त्यातला विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो. पिल्लू श्वासाबरोबर ती धूळ आत घेतं. खुडूक कोंबडीखाली काढलेल्या पिल्लांना तर विषाणू बाहेर शोधायला नको, आई जर बाधित असेल तर ज्या पिसांत ऊब घ्यायची तिथेच तो असतो. (आई स्वतः ठणठणीत दिसते, हे लक्षात ठेवा. बाधित कोंबड्यांतल्या पुष्कळशा कधीच लंगडत नाहीत.)

पहिल्या आठवड्यात विषाणू फुप्फुसातून प्लीहा, थायमस आणि बर्सामध्ये पोहोचतो आणि तिथल्या संरक्षक पेशी मारतो. मग तो दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये दडून बसतो. साधारण दोन आठवड्यांनी ते पिल्लू स्वतःच कोंडा झाडून बाकीच्यांना रोग द्यायला लागतं. वरून काहीच दिसत नाही. पुढे दडलेल्या पेशी बेसुमार वाढून नसांमध्ये, यकृतात, अंडाशयात घुसतात. तुम्हाला आज लंगडणारी तलंग दिसते, पण तिचा संसर्ग बहुधा पहिल्या काही आठवड्यांतला आहे. चौदाव्या आठवड्यात टोचलेली लस त्या पेशींचं काहीच बिघडवू शकत नाही.

आणि पहिल्या दिवशी टोचली तरी संरक्षण उभं राहायला आठवडाभर तरी लागतो. समजा पिल्लं सोमवारी निघाली आणि तुम्ही सोमवारीच टोचून स्वच्छ, वेगळ्या ब्रूडरमध्ये ठेवली. पुढच्या सोमवारपर्यंत संरक्षण बऱ्यापैकी तयार असतं. तीच पिल्लं लस मिळायची वाट बघत जुन्या तुसावर ठेवली आणि आठव्या दिवशी टोचली, तर विषाणूला आठ दिवस मोकळे मिळाले, वर लस कामाला लागेपर्यंतचा आणखी एक आठवडा. म्हणून मोठ्या हॅचरीत पिल्लू डब्यात भरण्याआधीच मानेच्या मागच्या कातडीखाली 0.2 मिलि टोचतात. काही ठिकाणी तर अठराव्या दिवशी अंड्यातच देतात.

लस आहे तरी काय? सर्वात जुनी आणि अजून वापरात असलेली लस टर्कीच्या हर्पिस विषाणूची, म्हणजे एचव्हीटी. तो मरेक्सच्या विषाणूचा निरुपद्रवी भाऊबंद आहे. रोगाचा जास्त जोर असलेल्या ठिकाणी रिस्पेन्स नावाची लस देतात. रिस्पेन्स जिवंत पेशींमध्ये असते, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवावी लागते, म्हणून घरगुती पालकाच्या आवाक्याबाहेर. एचव्हीटी मात्र गोठवून वाळवलेल्या रूपातही मिळते. ती 2 ते 8 अंशांत, म्हणजे साध्या फ्रीजच्या कप्प्यात राहते.

लहान पालकाचं घोडं इथेच अडतं. बाटली हजार मात्रांची, सोबत 200 मिलि द्रावण, आणि पिल्लं साठ. मग लोक थोडी आज वापरतात, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्याच्या पिल्लांना देतात. ती दुसऱ्या आठवड्याची लस म्हणजे पाणीच. एकदा द्रावणात मिसळली की बाटली बर्फावर ठेवून तासाभरात संपवायची आणि उरलेली टाकून द्यायची. फेकवत नसेल तर गावातल्या दोन-तीन जणांनी उबवणी एकाच दिवशी येईल अशी अंडी बसवावीत. द्रावण लसीसोबत आलेलंच वापरा, सलाईन किंवा उकळलेलं पाणी नको. सुई आणि सिरिंज स्पिरिटने पुसू नका, कारण ही लस जिवंत विषाणूची आहे आणि तोही स्पिरिटने मरतो. कोऱ्या डिस्पोजेबल सिरिंज घ्या. टोचताना मानेवरची कातडी चिमटीत उचला. सुई आरपार जाऊन लस पिसांवर सांडली तर ती जागा ओली दिसते. असं पिल्लू बाजूला काढून लगेच पुन्हा टोचा.

लस दिली तरी विषाणू पिल्लात शिरतो आणि कोंड्यातून बाहेरही पडतो, फक्त गाठी होत नाहीत. म्हणजे लस दिलेली जुनी कोंबडीसुद्धा नव्या, लस नसलेल्या पिल्लांना रोग देऊ शकते. त्यामुळे जुन्या-नव्यांना एकत्र करू नका, आणि आधी पिल्लांना दाणा-पाणी करून मगच मोठ्यांकडे जा, उलट नको.

सध्याच्या कळपाचं निदान मात्र पक्कं करून घ्या. मेलेल्या पक्ष्याची मांडी उघडली तर दोन्ही बाजूंना जाड नस दिसते. निरोगी नस पांढरी, चकचकीत आणि तिच्यावर बारीक आडव्या रेघा असतात. मरेक्समध्ये बहुधा एका बाजूची नस दुसरीपेक्षा दुप्पट-तिप्पट जाड, पिवळसर-राखाडी होते आणि रेघा पुसल्या जातात. डोळेही बघा, बुबुळ राखाडी आणि बाहुली वेडीवाकडी दिसते का. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना कसा पाठवायचा ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलंच पिल्लू बोटं आत मुडपून घोट्यावर बसत असेल तर तो बहुतेक जीवनसत्त्व बी-2 कमी पडल्याचा प्रकार, मरेक्स इतक्या लवकर दिसत नाही.

ज्यांचे पाय गेलेत त्यांच्यावर अँटिबायोटिकचा खर्च करू नका, त्यांना वेगळं काढा. हा विषाणू माणसाला लागत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरायचं कारण नाही. उरलेल्यांपैकी बऱ्याच तगतील, पण त्यांना नव्या पिल्लांच्या शेडपासून लांबच ठेवा. या कळपाची सध्याची शेड रिकामी झाली की तूस खरवडून लांब नेऊन जाळा, जाळी-फळ्यांवरची धूळ धुवून काढा आणि मगच पुढची अंडी बसवा.